एज्युकेशन लोनचा हप्ता बँकेतून गेला पण कॉलेजला पोचला नाही, पैसे शोधायचे कसे?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय. माझी लहान बहीण पुण्याला बी.फार्मला आहे, आता सेकंड इयर. लोन इथल्याच राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून घेतलंय, फर्स्ट इयरचा हप्ता काही त्रास न होता गेला होता. या वर्षी जुलैमधे कॉलेजचं डिमांड लेटर, मागच्या वर्षीची पावती आणि मार्कशीट असं सगळं अप्पांनी शाखेत नेऊन दिलं. 18 जुलैला बँकेने लोन खात्यातून पैसे काढलेत, मेसेज पण आला. आज 12 ऑगस्ट आहे आणि कॉलेजचं अकाउंट सेक्शन म्हणतंय की असे कुठलेच पैसे आमच्याकडे आलेले नाहीत. 1 ऑगस्टपासून रोज 100 रुपये लेट फी लागतेय आणि परीक्षेचा फॉर्म पोर्टलवर उघडतच नाहीये कारण फी बाकी दिसते.

शाखेत विचारलं तर ते म्हणतात आमच्याकडून गेलेत, कॉलेजला विचारा. कॉलेज म्हणतं यूटीआर द्या. शाखेने एक नंबर कागदावर लिहून दिला, S ने सुरू होतो आणि पुढे आठ आकडे, तो कॉलेजला पाठवला तर ते म्हणतात हा नंबर आमच्याकडे सापडत नाही. लोनच्या स्टेटमेंटमधे ही एन्ट्री आहे:

```
18/07  TRF TO OFFICE A/C   138700.00 DR
```

आता 1,38,700 रुपये गेले कुठे? व्याज तर चालू झालंय. कोणाला अनुभव असेल तर सांगा, बहीण रोज फोन करून रडतेय.

अमळनेरकर
दादा माझ्या मुलाचं पण सेम झालंय, दोन वर्षं झाली महाडीबीटीचे पैसे येत नव्हते. आधार सीडिंग चेक करा, बँकेत जाऊन एनपीसीआय मॅपिंग करून घ्या, मग लगेच येतात. आमचे तसेच आले.

तापीकाठ
काका हे स्कॉलरशिपचं नाहीये, लोनचं आहे. बँकेने थेट कॉलेजच्या खात्यात पाठवायचे असतात, त्यात आधारचा काही संबंध नाही असं मला वाटतं.

नंदुरबार_नेट
भाऊ टेन्शन घेऊ नका. एनईएफटीचा नियम आहे की पैसे खात्यात जमा झाले नाहीत तर दोन तासात परत येतात. तुमचे परत आले नाहीत, म्हणजे कॉलेजच्या खात्यात पडलेच आहेत, कॉलेजवाले खोटं बोलताहेत. सरळ विद्यापीठाकडे तक्रार टाका. किंवा मग नाव चुकलं असेल, नाव मॅच झालं नाही तर पैसे अडकतात.

चाळीसगाव_निवृत्त
थोडं थांबा, कोणाविरुद्ध तक्रार करण्याआधी पैसे कुठे आहेत ते बघू. मी एका सरकारी बँकेत नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं लोनच्या टेबलावरच होतो, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तापीकाठ, तुमची एन्ट्री नीट वाचा. त्यात ऑफिस अकाउंटला ट्रान्सफर असं लिहिलंय. म्हणजे पैसे तुमच्या लोन खात्यातून निघाले आणि शाखेच्याच एका अंतर्गत खात्यात गेले. ही झाली पहिली पायरी, यात पैसे शाखेच्या बाहेर पडलेलेच नाहीत. त्या ऑफिस खात्यातून पुढे कॉलेजला एनईएफटी करायची ही दुसरी पायरी, ती वेगळी एन्ट्री असते, एक जण टाकतो आणि दुसरा अधिकारी मंजूर करतो. तुमच्या हातात जो कागद आहे तो फक्त पहिल्या पायरीचा पुरावा आहे. तुम्हाला आलेला मेसेज पण पहिल्या पायरीचाच. दुसऱ्या पायरीचा मेसेज तुम्हाला येणारच नाही, कारण पाठवणारं खातं तुमचं नाही, शाखेचं आहे.

तो S वाला नंबर म्हणजे बँकेच्या स्वतःच्या सिस्टीममधला व्यवहार क्रमांक. तो त्या बँकेच्या बाहेर कोणालाच कळत नाही, म्हणून कॉलेजला सापडला नाही, त्यात कॉलेजचा काही दोष नाही. यूटीआर वेगळा असतो. एनईएफटीचा साधारण 16 अक्षर-आकड्यांचा असतो, आरटीजीएसचा 22 चा. तुमची रक्कम दोन लाखाच्या खाली आहे आणि आरटीजीएस दोन लाखापासून पुढेच होतं, त्यामुळे तुमची एनईएफटीच असणार, 16 चा नंबर मागा.

नंदुरबारवाल्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. समोरच्या बँकेला पैसे जमा करता आले नाहीत तर बॅच सेटल झाल्यापासून दोन तासात परत पाठवायचे असतात, हे खरं. पण परत येतात ते जिथून निघाले तिथे, म्हणजे शाखेच्या ऑफिस खात्यात. लोन खात्यात आपोआप येत नाहीत, ते शाखेतल्या माणसाने हाताने उलटवावे लागतात. म्हणजे पैसे परत येऊन शाखेतच पडलेत आणि विद्यार्थ्याच्या स्टेटमेंटवर मात्र "गेले" असंच दिसतंय, हे सहज होऊ शकतं. त्यामुळे परत आले नाहीत म्हणजे कॉलेजकडेच आहेत असं धरू नका.

नावाचं पण तसंच. एनईएफटीत पैसे खाते नंबरवर जमा होतात, नावावर नाही. 1 एप्रिल 2025 पर्यंत पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय द्या असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं, पण ती पाठवणाऱ्याने बघून खात्री करण्यासाठी आहे. नावात ट्रस्ट लिहिलंय की कॉलेज लिहिलंय यावरून पैसे अडकत नाहीत. खाते नंबर चुकला आणि तो दुसऱ्या कोणाचा निघाला तर मात्र त्याच्याकडे जमा होतात, ते प्रकरण अवघड असतं.

उद्या शाखेत जाऊन तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात इतकंच विचारा की एनईएफटीचा यूटीआर काय, कोणत्या तारखेला गेली, किती रकमेची गेली, कोणत्या खाते नंबरला आणि आयएफएससीला गेली आणि आत्ता त्या यूटीआरचं स्टेटस काय दाखवतं.

नंदुरबार_नेट
ओके काका, परत आलेले पैसे ऑफिस खात्यात येतात हे माहीत नव्हतं. पण मग शाखेला दिसत नाही का रोज, की पैसे परत आलेत म्हणून?

चाळीसगाव_निवृत्त
दिसतं ना, दिसायलाच पाहिजे. त्या खात्याची रोजची बाकी जुळवायची असते. पण जूनअखेर ते ऑगस्ट या काळात एका ग्रामीण शाखेत पीक कर्जाची गर्दी असते, त्यात एज्युकेशन लोन बघणारा एकच अधिकारी, तोच पीक कर्ज पण बघतो. खात्याची एकूण बाकी जुळते, पण त्यातली कोणती रक्कम कोणाची हे बघायचं राहून जातं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, कसं होतं ते सांगतोय.

जिभाऊ_पारोळा
तापीभाऊ, मन्हा पोऱ्याना टाईमले बी असंच व्हयनं. बँकवाला म्हने धाडी दिनात, कॉलेजवाला म्हने उनात नही. मी मंग शाखामा जाईसन सायबले सांगं, कागदवर लिखी द्या. कागद मांगा का लगेच काम व्हस भो. काका बराबर सांगी ऱ्हायनात.

शिरपूरची_पोरगी
माझं अगदी काकांनी सांगितलं तसंच झालं होतं, थर्ड इयरला. आमच्या कॉलेजने खातं बदललं होतं, दुसऱ्या बँकेत गेले ते, आणि बँकेने मागच्या वर्षीच्या फाईलमधून जुना खाते नंबर उचलला, नवीन डिमांड लेटर समोर असून. जुनं खातं बंद, पैसे परत आले, ते शाखेतच पडून. मी दोन महिने कॉलेजशी भांडत होते की तुमच्याकडे आलेत म्हणून. शेवटी शाखेतल्या नवीन मॅडमनी यूटीआर टाकून बघितला तर स्टेटस रिटर्न्ड, कारण अकाउंट क्लोज्ड, आणि तारीख पाठवलेल्याच दिवसाची. म्हणजे पहिल्याच दिवशी परत आले होते.

मग त्यांनी नवीन खात्याला पाठवले. पण दोन महिन्याचं व्याज माझ्याच लोनवर लागलेलं आहे, ते अजून परत दिलेलं नाही. विचारलं की म्हणतात हेड ऑफिसला लिहिलंय.

तर @तापीकाठ, डिमांड लेटरवरचा खाते नंबर आणि मागच्या वर्षीच्या पावतीवरचा खाते नंबर सारखाच आहे का ते आधी बघ.

तापीकाठ
बघितलं ताई, सारखाच आहे, शेवटचे चार आकडे पण तेच. आज शाखेत अर्ज दिला, पोच घेतली, शिक्का मारून दिलाय. साहेब म्हणाले दोन दिवसात देतो.

हिशेबनीस
हा धागा मला एका नातेवाईकाने पाठवला. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका प्रायव्हेट कॉलेजच्या अकाउंट सेक्शनमधे आहे, तापीकाठ यांच्या बहिणीचं कॉलेज नाही, पण आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे "आले नाहीत" याचा अर्थ काय असतो ते कळेल.

जुलै-ऑगस्टमधे आमच्या फीच्या खात्यात दिवसाला भरपूर एन्ट्री येतात. पोर्टलवरून यूपीआयने किंवा कार्डने भरलेली फी आपोआप त्या विद्यार्थ्याच्या नावावर चढते, तिची पावती लगेच निघते. बँकांकडून लोनचे जे एनईएफटी येतात ते मात्र आम्हाला स्टेटमेंट एक्सेलमधे काढून हाताने जुळवावे लागतात. आम्ही काय बघतो? आधी नाव किंवा पीआरएन बघतो, तो नरेशनमधे असला तर प्रश्नच नाही. बऱ्याच वेळा नसतो, तिथे पाठवणाऱ्या शाखेचं नाव असतं किंवा नुसतं लोन डिस्बर्समेंट असं काहीतरी असतं. मग रकमेवरून शोधतो, की एवढीच फी बाकी असलेला कोण आहे. रक्कम पण जुळली नाही तर ती एन्ट्री अनआयडेंटिफाइड रिसीटमधे टाकून ठेवतो. पैसे कॉलेजच्या खात्यात असतात, पण कोणाच्या नावावर चढवायचे ते आम्हाला माहीत नसतं. त्या यादीत वर्षाच्या शेवटपर्यंत पडून राहिलेल्या रकमा मी बघितल्यात.

आणि मग विद्यार्थी खिडकीवर येतो, सांगतो माझे 1,38,700 आलेत का बघा. आम्ही एक्सेलमधे 138700 सर्च करतो, नाव सर्च करतो, सापडलं नाही की सांगतो आले नाहीत. गर्दीच्या दिवसात यापेक्षा जास्त बघायला वेळ नसतो, हे खरं आहे.

म्हणून तुम्ही कॉलेजला विचारताना "पैसे आले का" असं विचारू नका. 18 जुलैपासून पुढे तुमच्या बँकेकडून आलेल्या, ज्याची पावती निघालेली नाही अशा सगळ्या एन्ट्री दाखवा असं विचारा. आयएफएससीच्या पहिल्या चार अक्षरांवरून कोणती बँक ते कळतं, त्याने यादी एकदम छोटी होते. दुसरं, तुमच्या ट्रस्टची एकापेक्षा जास्त कॉलेजं असतील तर हॉस्टेलचं खातं वेगळं, इंजिनिअरिंगचं वेगळं, फार्मसीचं वेगळं असं असतं, ते पण विचारा.

आणि एक विचारते, डिमांड लेटरवर एकूण रक्कम किती होती? बरोबर 1,38,700 अशी फी सहसा नसते.

तापीकाठ
ताई डिमांड लेटर 1,46,000 चं आहे, ट्यूशन आणि हॉस्टेल मिळून. बँक 95 टक्के देते, 5 टक्के आपलं मार्जिन. 1,46,000 चे 5 टक्के 7,300 होतात, ते वजा करून 1,38,700. लोन साडेसहा लाखाचं आहे, चार लाखाच्या वर मार्जिन लागतं असं शाखेने सांगितलं होतं.

चाळीसगाव_निवृत्त
मार्जिनचं बरोबर आहे, आयबीएच्या मॉडेल स्कीमप्रमाणे चार लाखापर्यंत मार्जिन नाही, त्याच्या वर देशातल्या शिक्षणाला 5 टक्के, परदेशातल्याला 15. आणि ते दरवर्षी त्या त्या हप्त्याच्या प्रमाणात भरता येतं.

पण हिशेबनीस ताईंनी नेमका प्रश्न विचारला. तापीकाठ, ते 7,300 तुम्ही कुठे भरले? कॉलेजच्या पोर्टलवर भरले की बँकेत भरले? हे नीट विचारून सांगा, मला एक शंका आहे.

तापीकाठ
अप्पांना विचारतो. सगळं तेच बघत होते, मी केळीच्या कामात होतो तेव्हा.

तापीकाठ
विचारलं. अप्पांनी ते शाखेतच भरले, बहिणीच्या सेव्हिंग खात्यात. साहेबांनी सांगितलं होतं की खात्यात ठेवा, आम्ही सोबत पाठवून देऊ. आत्ता मोबाईल बँकिंगवर तिचं सेव्हिंगचं स्टेटमेंट काढलं, त्यात आहे:

```
18/07  MARGIN TRF   7300.00 DR
```

तारीख पण तीच, 18 जुलै!

चाळीसगाव_निवृत्त
हेच विचारायचं होतं मला. म्हणजे शाखेने लोन खात्यातून 1,38,700 आणि सेव्हिंगमधून 7,300 असे दोन्ही ऑफिस खात्यात घेतले, आणि तिथून जर एकच एनईएफटी केली असेल तर ती 1,46,000 ची असणार. तुम्ही कॉलेजला 1,38,700 सांगताय, कॉलेज 1,38,700 शोधतंय, आणि त्यांच्या स्टेटमेंटमधे 1,38,700 नावाची रक्कम कधी येणारच नाही. नाव शाखेचं, रक्कम वेगळी, आणि नंबर बँकेचा अंतर्गत. शोधण्याचे तिन्ही रस्ते बंद.

शाखेने दोन्ही एकत्र पाठवणं चूक नाही, उलट बरं, कारण मार्जिन भरलं की नाही याची बँकेला खात्री होते. पण मग एकूण किती पाठवले ते विद्यार्थ्याला सांगायला पाहिजे. हे अजून नक्की नाही हं, पैसे ऑफिस खात्यातच पडलेले असू शकतात. कॉलेजला आजच 1,46,000 शोधायला सांगा, यूटीआरची वाट बघू नका.

हिशेबनीस
हो आणि तारीख फक्त 18 जुलै देऊ नका. आम्ही विद्यार्थ्याने सांगितलेल्या तारखेच्या आजूबाजूचे दोन दिवस बघतो, त्याच्या पुढे कोणी जात नाही. 18 जुलै ते आजपर्यंत असं सांगा.

नंदुरबार_नेट
पण हॉस्टेल आणि ट्यूशन एकाच डिमांडमधे कसं काय? आमच्याकडे हॉस्टेलचे पैसे वेगळ्या खात्याला जायचे, बँकेने दोन वेगळ्या एनईएफटी केल्या होत्या. इथे पण दोन भाग करून पाठवले असतील तर 1,46,000 पण सापडणार नाही.

चाळीसगाव_निवृत्त
हा मुद्दा बरोबर आहे. डिमांड लेटरवर एकच खातं आहे की दोन, त्यावर अवलंबून. तापीकाठ?

तापीकाठ
एकच खातं आहे. बहिणीला सांगितलंय, उद्या सकाळी अकाउंट सेक्शनला जाते.

शिरपूरची_पोरगी
सोबत मेल पण कर म्हणावं, खिडकीवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. डिमांड लेटरचा फोटो, दोन्ही स्टेटमेंटचे स्क्रीनशॉट आणि पीआरएन एकाच मेलमधे.

तापीकाठ
सापडले!!! 1,46,000, अनआयडेंटिफाइडच्या यादीतच होते, हिशेबनीस ताईंनी सांगितलं तसंच. कॉलेजच्या मॅडमनी बहिणीला स्क्रीन दाखवली, एन्ट्री 24 जुलैची आहे, नरेशनमधे नुसतं शाखेचं नाव. पण मॅडम म्हणाल्या की ही तुझीच कशावरून, त्या शाखेतून अजून कोणी असेल तर? बँकेकडून लिहून आणा, मगच पावती काढते.

म्हणजे मी 12 तारखेला इथे लिहिलं तेव्हा पैसे कॉलेजच्या खात्यात होतेच. आणि 1 ऑगस्टला लेट फी सुरू झाली तेव्हा पण होते.

हिशेबनीस
मॅडमचं बरोबर आहे, अशी खात्री न करता पावती काढली आणि दुसरा कोणी निघाला तर ती रक्कम आमच्यावर येते. शाखेच्या अधिकृत मेल आयडीवरून कॉलेजच्या अकाउंटला एक मेल पाहिजे, त्यात यूटीआर, तारीख, रक्कम, विद्यार्थिनीचं नाव, पीआरएन आणि वर्ष. बँकेतले याला पेमेंट ॲडव्हाइस म्हणतात. तुमच्या हातात दिलेला कागद पण काही कॉलेजं चालवतात, पण मेल असला की वाद राहत नाही.

तापीकाठ
आज शाखेकडून अर्जाचं उत्तर मिळालं. यूटीआर 16 चाच आहे, 24 जुलैचा, 1,46,000, खाते नंबर बरोबर, स्टेटस क्रेडिटेड. साहेबांनी माझ्यासमोर मेल पाठवला. बहिणीची पावती निघाली, परीक्षेचा फॉर्म पण उघडला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, अप्पांनी काकांना खास नमस्कार सांगितलाय.

आता दोन गोष्टी राहिल्यात. एक, 18 ते 24 जुलै पैसे कुठे होते? दुसरं, लेट फी पावतीत लागलीच आहे, ती परत मिळेल का?

चाळीसगाव_निवृत्त
वा, छान झालं. अप्पांना माझा पण नमस्कार.

18 ते 24 पैसे शाखेच्या ऑफिस खात्यात होते. 18 तारखेला शुक्रवार होता, बहुतेक लोनची एन्ट्री संध्याकाळी झाली आणि एनईएफटीची एन्ट्री मंजुरीसाठी रांगेत राहिली. एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशी पण चालते, दर अर्ध्या तासाला बॅच जाते, त्यामुळे शनिवार-रविवार होता हे कारण यात चालत नाही. कारण शाखेलाच विचारा, मी अंदाज करतोय.

त्या सहा दिवसांचं व्याज तुमच्या बहिणीच्या लोनवर लागलंय आणि पैसे तर बँकेकडेच होते. लेखी मागणी करा की व्याज 24 जुलैपासून धरा, बँकेत त्याला व्हॅल्यू डेट देऊन दुरुस्ती म्हणतात. तुमचा दर 10 टक्क्याच्या आसपास असेल तर 1,38,700 वर सहा दिवसांचे साधारण 228 रुपये होतात.

नंदुरबार_नेट
काका 228 रुपयांसाठी परत शाखेत चकरा? अजून दोन वर्षं त्याच साहेबांकडून हप्ते काढायचेत, कशाला वाकडं घ्यायचं.

शिरपूरची_पोरगी
माझे दोन महिन्यांचे होते, ते 228 नव्हते. एकदा लिहून दिलं की पुढच्या वर्षी ते पैसे ऑफिस खात्यात पाडून ठेवणार नाहीत, यासाठी तरी द्यावं. आणि उशीर झाला तर बँकेला दंड द्यावा लागतो ना काका, रेपो रेट अधिक 2 टक्के असं कुठेतरी वाचलेलं?

चाळीसगाव_निवृत्त
तो नियम आहे, पण तो एनईएफटी निघाल्यानंतरच्या उशिरासाठी, म्हणजे समोरच्या बँकेने वेळेत जमा केले नाहीत किंवा वेळेत परत पाठवले नाहीत तर. तापीकाठ यांच्यात 24 ला निघाले आणि 24 लाच जमा झाले, तिथे उशीर नाहीच. उशीर निघण्याआधी झाला, तो शाखेचा घरातला मामला, त्याला हा दंड लागत नाही. पोरी, तुझं प्रकरण वेगळं आहे. तुझे परत पण वेळेतच आले, पण बँकेने ते लोन खात्यात उलटवलेच नाहीत. तुझ्या लेखी तक्रारीला 30 दिवस होऊन गेले असतील किंवा उत्तर पटलं नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, cms.rbi.org.in वर, फी लागत नाही. रिटर्नची तारीख आणि पुन्हा पाठवल्याची तारीख, दोन्हीचे यूटीआर जोड. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागेल, तो आहे का तुझ्याकडे?

शिरपूरची_पोरगी
मेल केलेला आहे एक, उत्तर नाही आलं. शोधते.

हिशेबनीस
लेट फीचं सांगते. आमचं सॉफ्टवेअर पावती काढल्याच्या तारखेवरून लेट फी लावतं, पैसे बँकेत जमा झाल्याच्या तारखेवरून नाही, बहुतेक कॉलेजांत असंच असेल. त्यामुळे खिडकीवरच्या मॅडमना ती काढता येत नाही, त्यांच्या लॉगिनला तो अधिकारच नसतो. प्राचार्य किंवा रजिस्ट्रारच्या नावाने अर्ज करा, त्यात फक्त एकच मुद्दा ठेवा, 24 जुलैला पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात जमा होती, शेवटची तारीख 31 जुलै होती. सोबत बँकेचा मेल जोडा. आमच्याकडे असे अर्ज मंजूर झालेत, पण प्रत्येक कॉलेजचं मी सांगू शकत नाही, काही ठिकाणी म्हणतात की कळवणं विद्यार्थ्याचं काम होतं.

अमळनेरकर
मी आता पूर्ण धागा वाचला, माझं स्कॉलरशिपचं वेगळंच होतं. पण माझ्या पुतणीचं लोन पण या महिन्यात निघणार आहे, तिने आधीच काय सांगायचं शाखेला?

चाळीसगाव_निवृत्त
सांगायला सोपं आहे. एनईएफटीच्या रिमार्कमधे पुतणीचं नाव आणि पीआरएन टाकायला सांगा, जागा कमी असते, दोन्ही बसत नसेल तर फक्त पीआरएन. मार्जिन शाखेत भरणार की कॉलेजला, ते आधी ठरवा, आणि शाखा एकूण किती रक्कम पाठवणार ते विचारा. लोन खात्यातून पैसे निघाल्याचा मेसेज आला की दुसऱ्या दिवशी यूटीआर मागा आणि तो पुतणीनेच कॉलेजला मेल करावा, कॉलेज शोधेल याची वाट बघू नये.

तापीकाठ
शाखेला व्याजाचं पत्र दिलं, साहेब जरा नाराज झाले पण पोच दिली, त्यांनी पण मान्य केलं की मंजुरी राहून गेली होती, वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले. कॉलेजला लेट फीचा अर्ज बहिणीने दिलाय, रजिस्ट्रार म्हणाले फी कमिटीपुढे ठेवतो, तारीख सांगितली नाही. कळलं की इथे टाकतो.